चिनी पडद्यावरचा ड्रोन आणि परतीची उंची

हौशी ड्रोनमध्ये मिनी गटातली यंत्रं सगळ्यात जास्त दिसतात. वजन २५० ग्रॅमच्या आत, घडी घातली की झोळीत मावणारी. ९ फेब्रुवारी २०२२ला केंद्र सरकारने तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तेव्हापासून आपल्याकडे हातात येणारा ड्रोन बहुधा आधी कुणीतरी वापरलेला असतो. त्याच्यासोबत पडदा असलेला कंट्रोलर येतो आणि कधी कधी तो सुरू केला की सगळा मजकूर चिनी अक्षरांत उमटतो. उडवण्यापुरती काही अडचण येत नाही. काड्या पुढे केल्या की यंत्र पुढे जातं, व्हिडिओ दिसतो, बॅटरीचा आकडा दिसतो. अडचण येते ती सिग्नल तुटल्यावर. त्या क्षणी ड्रोन काय करेल हे एका सेटिंगमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि ते लिहिणारे बऱ्याचदा आपण नसतो, आधीचे मालक असतात.

पहिला विचार साहजिकच भाषा बदलायचा येतो, आणि तो बरोबर आहे. ॲप फोनवर चालत असेल तर ते फोनची भाषा घेतं. पडदा कंट्रोलरलाच जोडलेला असेल तर पडद्यावर वरून खाली बोट ओढायचं, दातेरी चाकाच्या चिन्हावर दाबायचं आणि `语言` ही दोन अक्षरं असलेली ओळ शोधायची. तिथे इंग्रजी मिळालं तर निम्मं काम झालं. पण फक्त निम्मंच. भाषा बदलल्याने पडद्यावरची अक्षरं बदलतात, ड्रोनमध्ये साठवलेले आकडे बदलत नाहीत. आधीच्या मालकाने परतीची उंची ३० मीटर ठेवली असेल तर इंग्रजी पडद्यावरही ती ३०च राहते. शिवाय कंट्रोलर मित्राचा असला, भाषा बदलायची नाही असं तो बजावून गेला असला, किंवा ॲपमध्ये चिनीशिवाय दुसरी भाषाच नसली, तर अक्षरं ओळखण्याला पर्याय नाही. ओळखायची अक्षरं फार नाहीत, दहा-बारा पुरतात. आकडे नेहमीचेच असतात आणि मीटरसाठी `m` किंवा `米` लिहिलेलं असतं.

डीजेआय कंपनीचं फ्लाय हे ॲप उदाहरणाला घेऊ, कारण हौशी लोकांच्या हातात तेच जास्त आहे. उडण्याच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं आहेत. ती दाबली की सेटिंग उघडतं आणि वर पाच भाग दिसतात: `安全`, `操控`, `拍摄`, `图传`, `关于`. म्हणजे सुरक्षा, उडवणं, चित्रण, व्हिडिओ-सिग्नल आणि यंत्राची माहिती. आपल्याला पहिल्या भागात काम आहे. तिथे `返航` ही जोडी दिसेल. पडद्यावर जिथे जिथे ही दोन अक्षरं येतात तिथे विषय घरी परतण्याचा आहे. कंट्रोलरवर H अक्षराचं जे बटण असतं तेही याच कामाचं.

`返航高度` या ओळीपुढे मीटरमध्ये एक आकडा असतो. ही परतीची उंची. तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण बरेच ड्रोन इथेच जातात. ड्रोन घरापासून बऱ्यापैकी लांब असताना परतीचा हुकूम मिळाला, तर तो आधी आहे तिथूनच सरळ वर या उंचीवर चढतो, मग घराच्या दिशेने सरळ रेषेत येतो आणि डोक्यावर आला की खाली उतरतो. तो आधीच त्याहून उंच असेल तर आहे त्याच उंचीवरून येतो. घराच्या अगदी जवळ असेल तर मॉडेलप्रमाणे वेगळं वागतो, काही तर जागच्या जागी उतरतात. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ड्रोनच्या खाली असलेल्या जमिनीपासून नाही. साध्या मिनी ड्रोनना खाली बघणारे सेन्सर असतात, समोर बघणारे नसतात. त्यामुळे वाटेत काय उभं आहे हे परतताना त्यांना कळत नाही.

समजा नदीकाठच्या एका शेतातून ड्रोन उडवला. चारशे मीटरवर एक टेकाड आहे. त्याचा माथा शेतापेक्षा ६५ मीटर उंच, आणि माथ्यावर मोबाइलचा २५ मीटरचा मनोरा. टेकाडापलीकडे बंधारा आहे आणि आपल्याला त्याचा व्हिडिओ हवा आहे. ड्रोन टेकाडाला वळसा घालून ४५ मीटर उंचीवरून पलीकडे जातो. परतीची उंची ६० मीटर आहे. आपण शेतात, ड्रोन टेकाडाआड, मध्ये माती आणि कातळ. सिग्नल तुटतो. ड्रोन ४५वरून ६० मीटरवर चढतो, नाक घराकडे वळवतो आणि सरळ रेषेत निघतो. गेला होता वळसा घालून, येताना मात्र वळसा नाही. सरळ रेषेत टेकाडाचा माथा ६५ मीटरवर आहे. शेवटचे पाच मीटर त्याला कमी पडतात.

इथे बेरीज करायची ती अशी: ६५ आणि २५ मिळून ९०. वर झाडांचे शेंडे, तारा आणि उंची मोजण्यातली चूक धरून वीसेक मीटर. म्हणजे परतीची उंची ११० मीटर. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंतच उडता येतं, तेव्हा ११०मध्ये हे बसतं. बेरीज १२०च्या वर गेली तर त्या टेकाडाआड जाऊच नये. त्याच यादीत थोडं खाली `最大高度`, म्हणजे जास्तीत जास्त उंची आणि `最远距离`, म्हणजे जास्तीत जास्त अंतर असतं. पहिला आकडा परतीच्या उंचीपेक्षा कमी ठेवला तर परतीची उंची त्याच्यापुढे चालत नाही.

टेकाड ६५ मीटर आहे की ८५, हे शेतात उभं राहून कसं कळणार? यासाठी ड्रोनच वापरता येतो आणि त्यात एकही शब्द वाचावा लागत नाही. टेकाडाकडे तोंड करून ड्रोन घराच्या वरच सरळ चढवायचा, कॅमेरा पूर्ण आडवा ठेवायचा. मनोऱ्याचं टोक चित्राच्या उभ्या मध्यावर आलं की ड्रोन त्या टोकाच्या बरोबरीला आला. पडद्याच्या खालच्या डाव्या बाजूला `H` आणि `D` अशी दोन अक्षरं असतात, कुठल्याही भाषेत तीच. `H 91m` असं दिसलं तर टोक ९१ मीटरवर आहे. `D` म्हणजे घरापासूनचं आडवं अंतर. ही युक्ती नकाशाच्या रेषा वाचण्यापेक्षा सोपी आहे आणि त्या दिवशी तिथे खरोखर उभ्या असलेल्या मनोऱ्याचं माप देते.

उंची जास्त ठेवण्याची एक किंमत असते. शंभर मीटरवर वारा शेतातल्यापेक्षा जोरात असतो. समजा ड्रोन हवेच्या तुलनेत सेकंदाला १० मीटर काटू शकतो आणि घर ६०० मीटरवर आहे. वारा नसेल तर मिनिटभरात पोचेल. समोरून सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर पुढे सरकतो सेकंदाला चारच मीटर, म्हणजे अडीच मिनिटं. बॅटरी कमी होत आली की ॲप स्वतःच परतीचा हिशेब करतं, दहा सेकंद उलटे मोजत विचारतं आणि आपण काही केलं नाही तर निघतं. पण पुढे वारा किती वाढेल हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावं आणि परतताना वारा पाठीशी असावा, हा जुना शिरस्ता अजूनही कामाचा आहे.

आता खरी मेख. सुरक्षा विभागात तळाशी `高级安全设置`, म्हणजे प्रगत सुरक्षा सेटिंग अशी ओळ असते. ती उघडली की आत `失联` ही अक्षरं असलेली ओळ मिळते. जुन्या आवृत्त्यांत त्या जागी `失控` दिसतं. ही सिग्नल तुटल्यावर काय करायचं याची सूचना. पर्याय तीन, प्रत्येक दोन अक्षरांचा: `返航` म्हणजे घरी परत, `悬停` म्हणजे आहे तिथे हवेत थांबणं, आणि `下降` किंवा `降落` म्हणजे आहे तिथेच खाली उतरणं. कॅमेऱ्यातून भाषांतर करणारी ॲप इथे गोंधळ घालतात. `下降` चं ‘घट’ किंवा ‘घसरण’ असं काही येतं आणि माणसाला वाटतं की आवाज किंवा वेग कमी करण्याची काही सोय असेल. भाषांतर वापरायचंच असेल तर घरी बसून, पडद्याचे फोटो काढून, एकेक ओळ तपासून करावं. माळावर उन्हात उभं राहून, ड्रोन हवेत असताना ते करू नये.

आधीच्या मालकाने `悬停` का निवडलं असेल याला कारण असू शकतं. घरात, हॉलमध्ये किंवा पुलाखाली उडवताना परत येण्यासाठी वर चढलेला ड्रोन छताला धडकतो, म्हणून लोक ते मुद्दाम निवडतात. मग तेच सेटिंग तसंच राहून जातं. टेकाडाआड सिग्नल तुटलेला असा ड्रोन जागच्या जागी तरंगत राहतो, बॅटरी संपत आली की तिथेच उतरतो. `下降` असेल तर बंधाऱ्याच्या पाण्यातच उतरेल. उघड्यावर उडवायचं तर `返航` हाच पर्याय. वापरलेला ड्रोन घेतला की सगळ्यात आधी मी हीच ओळ उघडून बघेन. परतीची उंची त्यानंतर.

परत जायचं म्हणजे कुठे, हाही प्रश्न आहेच. घराची जागा उपग्रहांचा सिग्नल पुरेसा मिळाला की नोंदवली जाते. पडद्यावर उपग्रहाच्या चिन्हाशेजारी आकडा असतो. तो वाढत जाऊन चिन्हाचा रंग बदलेपर्यंत थांबायचं, साधारण दहाच्या पुढे गेला की चालतं. मग कंट्रोलर चिनीत बोलतो: `返航点已刷新`. कानाला ते साधारण ‘फानहांग-त्यान यी श्वाशिन’ असं ऐकू येतं. घराची जागा नोंदवली, असा त्याचा अर्थ. घाई करून त्याआधीच उडवलं तर वाक्य नंतर, हवेत असताना ऐकू येतं आणि त्या क्षणी ड्रोन जिथे असेल तेच त्याचं घर ठरतं. नदीवर असेल तर नदी. असं झालं तर सुरक्षा विभागातल्या `更新返航点` या ओळीतून घराची जागा नव्याने देता येते. होडीतून उडवणाऱ्यांना तर ही ओळ दर थोड्या वेळाने लागते, कारण घर वाहत पुढे जात असतं.

कॅलिब्रेशनकडे यायला इतका वेळ लागला कारण नव्या माणसाचं लक्ष उलट त्याच्याकडेच जास्त जातं. पडद्यावर `校准` हा शब्द दिसला की प्रत्येक उड्डाणाआधी कॅलिब्रेट करायचं, अशी सवय अनेकांना लागते. हा शब्द तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना लागतो. `指南针校准` हे होकायंत्राचं. `IMU校准` हे तोल आणि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचं. `云台校准` हे कॅमेऱ्याच्या झुलत्या आधाराचं. आणि `遥控器校准` हे कंट्रोलरच्या काड्यांचं. क्षितिज तिरकं दिसत असेल तर तिसरं. काडी न हलवताही ड्रोन एका बाजूला सरकत असेल तर आधी वारा बघा, मग चौथं. परतीच्या प्रवासाशी थेट संबंध आहे तो पहिल्याचा.

उपग्रह ड्रोनला तो कुठे आहे हे सांगतात, पण त्याचं नाक कुठल्या दिशेला आहे हे सांगत नाहीत. ते होकायंत्र सांगतं. होकायंत्र ३० अंशांनी चुकलं तर उत्तरेला सरकण्याचा हुकूम ३० अंश तिरक्या दिशेने पाळला जातो. ड्रोन चुकतो, दुरुस्ती करतो, तीही तिरकी जाते, आणि जागेवर तरंगण्याऐवजी तो वाढत्या गोलाकारात फिरू लागतो. चूक ९० अंशांच्या वर गेली तर प्रत्येक दुरुस्ती त्याला घरापासून आणखी लांब ढकलते. ‘ड्रोन पळून गेला’ असं लोक म्हणतात त्यातल्या काही गोष्टी अशाच असतात. तरंगताना गोल फिरू लागला की परतीचं बटण दाबू नये, ते याच होकायंत्रावर अवलंबून आहे. हाताने, नजरेसमोर, लगेच उतरवावा.

होकायंत्र ठीक आहे का, हे तपासायलाही अक्षरांची गरज नाही. ड्रोन जमिनीवर ठेवून त्याचं नाक ओळखीच्या रस्त्याच्या दिशेने करायचं आणि पडद्यावरच्या नकाशात ड्रोनचा बाण त्याच दिशेला आहे का ते बघायचं. बाण भलतीकडे असेल, किंवा `指南针` हा शब्द लाल-पिवळ्या पट्टीत दिसला, तर लगेच कॅलिब्रेट करायला जाऊ नये. आधी जागा बदलावी. बहुतेक वेळा दोष ड्रोनमध्ये नसतो, त्याच्याखाली असतो. आरसीसी गच्चीतल्या सळ्या, गाडीचं टप, लोखंडी झाकण, आणि आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची, सह्याद्रीचा काळा कातळ. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि उघड्या कातळावर ठेवलेलं होकायंत्र त्यामुळे थोडं वळू शकतं. दहा पावलं बाजूला मातीवर, किंवा ड्रोन हातात उंच धरून सूचना जाते का, ते बघावं. गच्चीत कॅलिब्रेट करणं सगळ्यात वाईट. तिथे ड्रोन सळ्यांचं चुंबकत्वच खरं धरून शिकतो आणि मोकळ्या मैदानात गेला की चुकतो.

जागा बदलूनही सूचना राहिली, ड्रोन महिनाभर उडवला नसेल किंवा आधीच्या जागेपासून पन्नास किलोमीटरहून लांब आला असेल, तर मात्र कॅलिब्रेट करावं. घड्याळ, चाव्या, पट्ट्याचं बकल, मोबाइल बाजूला ठेवायचे. ॲप `1.5米` असं लिहितं, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर ड्रोन धरायचा. मग `水平` आणि `360°` दिसलं की ड्रोन आडवा धरून स्वतः एक पूर्ण फेरी घ्यायची, मनगटाने नाही, पायांनी फिरत. नंतर `竖直` आणि `360°` दिसतं. तेव्हा ड्रोन चित्रात दाखवल्याप्रमाणे उभा धरून पुन्हा एक फेरी. काही मॉडेल तिसरी बाजूही मागतात. चित्र हलतं तसं हलायचं. शेवटी त्या ओळीपुढे `正常`, म्हणजे सगळं नीट, हे दिसायला हवं. दोन-तीनदा करूनही ते आलं नाही तर त्या जागेवरून उडवू नये.

हे सगळं बसवलं की मोकळ्या मैदानात, माणसं आणि तारा नसलेल्या जागी, एकदा खात्री करावी. ड्रोन दिसत राहील इतकाच लांब न्यायचा आणि परतीचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. तो वर चढला पाहिजे, मग नाक वळवून डोक्याकडे यायला पाहिजे. चढला नाही तर उंचीचा आकडा किंवा अंतर तपासायचं. तेच बटण पुन्हा दाबलं की परतणं थांबतं आणि ताबा हातात येतो. कंट्रोलर बंद करून सिग्नल तोडून बघणारेही आहेत. तशी खात्री पक्की होते हे खरं, पण `失联` ची ओळ वाचता येत असेल तर तेवढा धोका कशाला पत्करायचा? फक्त `恢复出厂设置` या ओळीला हात लावू नये. ती यंत्र कारखान्यातल्या स्थितीत नेऊन ठेवते आणि बसवलेलं सगळं पुसते.

पंधराशे-दोन हजारांत मिळणाऱ्या खेळण्यातल्या ड्रोनच्या ॲपमध्येही `一键返航` असं बटण असतं, एका दाबात परत असा त्याचा अर्थ. त्यांच्यातल्या बहुतेकांना उपग्रहाचा सेन्सर नसतो. पडद्यावर उपग्रहांचा आकडाच दिसत नसेल तर ते बटण खरी जागा शोधत नाही. उड्डाणाच्या वेळी नाक जिकडे होतं त्याच्या उलट दिशेने, म्हणजे अंदाजे मागे, ड्रोन ढकललं जातं, आणि आपण थांबवेपर्यंत ते जातच राहतं. मध्ये वाऱ्याने बाजूला गेला असेल तर बाजूलाच परततो. त्या ॲपमधलं `陀螺仪校准` म्हणजे फक्त ड्रोन सपाट जागेवर ठेवून ‘हे आडवं’ असं त्याला शिकवणं. दिशेशी त्याचा संबंध नाही. अशा यंत्राला परतीची उंची, घराची जागा यातलं काहीच लागू होत नाही, आणि वारा सुटला की ते खाली उतरवणं एवढंच करता येतं.